आरडी: पोस्टाचे ६.७ टक्के की पतसंस्थेचे ७?

२०२४ मध्ये कापसाचे पैसे आले तेव्हा महिन्याला हजाराची पाच वर्षांची आरडी टाकायची ठरवली, आणि पाचोऱ्यात माझ्यासमोर दोन पर्याय होते. पोस्टात ६.७ टक्के आणि घराजवळच्या एका पतसंस्थेत ७. सगळे म्हणाले ७ घे, त्यात काय विचार करायचा, शिवाय त्यांचा माणूस दारात येऊन हप्ता नेतो.

मी काउंटरवर एवढंच विचारलं की व्याज मुद्दलात कधी जमा होतं. तर म्हणे, "भाऊ, आपलं सरळ व्याज, शेवटी एकदम." बोर्डावर ७ चा आकडा हाताएवढा मोठा आणि ही गोष्ट कुठेच नाही, माझं डोकं तिथंच फिरलं.

घरी येऊन वहीत मांडलं. पोस्टात व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं, म्हणजे तिमाहीचा दर ६.७ भागिले ४, १.६७५ टक्के. पहिल्या तिमाहीत पहिल्या हजाराला तीन महिन्यांचं व्याज, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, असे साडेतेहतीस रुपये, म्हणून ३,०३३.५०. पुढच्या तिमाहीत या सगळ्या रकमेवर १.६७५ टक्के, ते झाले ३,०८४.३१, वर नव्या तीन हप्त्यांचे ३,०३३.५०, एकूण ६,११७.८१. असंच वीस वेळा. एक्सेलमध्ये एका ओळीत होतं:

```
=1000*(1.01675^20-1)/(1-1.01675^(-1/3))
```

उत्तर ७१,३६६. हाताने केलं तर रुपया इकडेतिकडे होतो. यात पहिला हप्ता १,३९४ होतो आणि शेवटचा जेमतेम १,००५.५५, म्हणून साठ हजारावर पाच वर्षांचं पूर्ण व्याज धरणाऱ्याचा हिशोब हमखास चुकतो.

आता ७ टक्के सरळ. साठ हप्ते, महिने मोजले तर ६० + ५९ + … + १ म्हणजे १,८३०, गुणिले हजाराचं महिन्याचं ५.८३३३ व्याज, झाले १०,६७५. मिळणार ७०,६७५. म्हणजे ७ वाला ६.७ वाल्यापेक्षा ६९१ रुपयांनी मागे! पोस्टाची बरोबरी करायला सरळ व्याज साधारण ७.४५ टक्के लागतं.

पतसंस्थेला वाईट म्हणत नाही, काही ठिकाणी तिमाही चक्रवाढ देतातही, आणि तिथे ७ असेल तर तीच चांगली. पोस्टाचा त्रासही आहेच, हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला एक रुपया दंड, आणि तीन वर्षांआधी मोडताच येत नाही, नंतर मोडली तरी बचत खात्याचाच दर मिळतो. पाऊस-पाण्याचा भरवसा नसलेल्याने हे बघूनच ठरवावं. मी पोस्टात उघडली, पंधरा तारखेच्या आत जाऊन भरतो, रांगेत अर्धा तास जातो पण चालतं.