बांधकाम चालू असलेल्या घराचा विमा: माझे ४,००,७४० रुपये गेले, तुम्ही आधी कागद वाचा

लिहायची लाज वाटते, कारण मी काही अडाणी माणूस नाही, २२ वर्षं नोकरी केली, कागदपत्रांचंच काम केलं. तरी फसलो. नागपूरला बेसाकडे प्लॉट होता, त्यावर खाली-वर मिळून घर काढलं. ठेकेदाराशी ठरले २८ लाख, आणि लोखंड-सिमेंट मी स्वतः आणून द्यायचं, ते साधारण १४ लाखाचं. म्हणजे घर ४२ लाखाचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागतो.

लोनच्या पहिल्या हप्त्याच्या वेळी बँकेतल्या पोराने दहा वर्षांची होम इन्शुरन्स पॉलिसी गळ्यात मारली, ३१,८६० रुपये, लोनमध्येच जोडून. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, "भाऊ, घर तर अजून बांधायचं आहे, आत्तापासून कव्हर आहे का?" तर म्हणे, "सर, आजपासून सगळं कव्हर, आंधी-पाऊस-भूकंप सगळं." आता माणूस बँकेच्या खुर्चीत बसून सांगतोय तर विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं? सह्यांचा गठ्ठा पुढे आला, मी करत गेलो.

दुसरीकडे ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती, "साइट विमा १८,८८०". म्हटलं बरं आहे, माणूस पद्धतशीर दिसतो. हा विमा म्हणजे कॉन्ट्रॅक्टर ऑल रिस्क, साइटवाले कार पॉलिसी म्हणतात. बांधकाम चालू असताना पडझड झाली किंवा आपल्या साइटमुळे शेजाऱ्याचं नुकसान झालं तर ते यातून मिळतं. पैसे दिले आणि कॉपी मागितली. तीनदा मागितल्यावर व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली.

आणि इथेच, इथेच मला कळायला पाहिजे होतं. रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर उघडली. बायको बाजूला होती, तिने वाचून विचारलं, "अहो, यात आपलं नाव कुठंय?" विमाधारक म्हणून फक्त ठेकेदाराचं नाव. साइटचा पत्ता हिंगणा रोडचा. कामाची किंमत १८ लाख. आणि मुदतीच्या तारखेचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड. हे चारही मी डोळ्यांनी पाहिलं. आणि तिला काय म्हटलं, तर "ठेकेदाराच्या नावानेच असते ती, पत्ता त्याच्या ऑफिसचा असेल." ते वाक्य अजून झोपू देत नाही. पॉलिसी नंबर कंपनीला एक ईमेल करून विचारायचा होता, फुकट काम होतं. पण दुसऱ्या दिवशी स्लॅबचं लोखंड यायचं होतं, मुलीची परीक्षा होती, आणि ठेकेदार रोज "काका, काका" करून चहा पाजत होता.

२७ मे, संध्याकाळ. नागपूरची मे महिन्यातली आंधी तुम्हाला माहीत आहे. वरच्या मजल्याच्या स्लॅबचं सेंटरिंग लागलेलं, लोखंड बांधून तयार, दोन दिवसांनी ढलाई. वाऱ्याने बल्ल्या सरकल्या आणि एक पूर्ण बाजू लोखंडासकट शेजाऱ्याच्या शेडवर गेली, खाली त्यांची गाडी. खाली उतरत असलेल्या एका मजुराचा हात मोडला. पुन्हा सेंटरिंग, वाकलेलं लोखंड, दोन कॉलम मिळून २,४०,०००. शेजाऱ्यांना ८७,५००. मजुराच्या दवाखान्याचे २२,५००, ते पण मीच दिले, कारण ठेकेदाराने फोन बंद करून ठेवला.

बँकेवाल्या पॉलिसीत क्लेम टाकला. सर्व्हेअर आला, खाली-वर फिरला आणि म्हणाला, "साहेब, इथे राहतं कोण?" ही पॉलिसी भारत गृह रक्षा, २०२१ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकाच नमुन्यात आलेली ती. तिच्यात घर म्हणजे भिंतींनी बंद, वर छत असलेली आणि राहण्यासाठी वापरात असलेली इमारत. माझ्या खालच्या मजल्यावर छत होतं पण भिंती-दारं नव्हती, वर तर काहीच नव्हतं. शिवाय शेजाऱ्याची गाडी आणि मजुराचा हात हे त्यात मुळातच बसत नाही. क्लेम नामंजूर. मग प्रपोजल फॉर्मची कॉपी मागवली तर त्यात लिहिलेलं, "बांधकाम पूर्ण, स्वतः राहतात", खाली माझी सही. मी कोऱ्यावर सही केली होती, भरलं त्या पोराने. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, समोर कोणीही बसलेला असो.

ठेकेदाराच्या पॉलिसीचं कंपनीने ईमेलवर दोन ओळीत कळवलं. पॉलिसी खरी, पण दुसऱ्या साइटची आणि ३१ मार्चलाच संपलेली. माझ्या कॉपीवर तारीख बदललेली. म्हणजे माझ्या १८,८८० चा एक रुपयाही विम्यात गेला नाही.

आणि ऐका, ती पॉलिसी माझ्या साइटची आणि चालू असती तरी पूर्ण पैसे आले नसते. विमा रक्कम म्हणजे घराची शेवटची पूर्ण किंमत लागते, मालकाने आणून दिलेल्या मालासकट. ठेकेदार आपल्या २८ लाखाचाच काढतो. मग ४२ पैकी २८ म्हणजे दोन तृतीयांश. माझ्या २,४०,००० वर १,६०,००० धरतील, त्यातूनही एक्सेस, म्हणजे आपण स्वतः सोसायचा हिस्सा, कापतील. सेंटरिंग कच्चं बांधलं होतं असं निघालं तर ते कच्चं काम नीट करायचा खर्च देतच नाहीत, त्यामुळे जे चांगलं काम पडलं तेवढ्याचंच बघतात. मजूर तर त्यात थर्ड पार्टी धरत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी लागते. ठेकेदाराने ती दाखवल्याशिवाय एक माणूस वर चढू देऊ नका. आणि काम लांबलं तर मुदत वाढवून घ्या, आपोआप वाढत नाही.

आता साहेब लोकांचं. पोलीस ठाण्यात गेलो, म्हणे विम्याचा मामला आहे, ग्राहक आयोगात जा. अहो, तारीख खोडून बनावट कागद दिला, पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काहून नाही? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? चार चकरा मारल्या, पोच देखील हाताने लिहून दिली, शिक्का मागितला तर "उद्या या". बँक म्हणते आम्ही फक्त एजंट, कंपनीशी बोला. तो पोरगा बदलून गेला, कुठे ते सांगत नाहीत. विमा कंपनीचा टोल फ्री दर वेळी नवीन तक्रार नंबर देतो आणि तिसऱ्या दिवशी "तक्रार निकाली" असा मेसेज येतो, कोणी निकाली काढली, काय काढली, पत्ता नाही. एवढ्या मोठ्या शहरात विमा लोकपालाचं ऑफिस नाही, नागपूरवाल्यांनी पुण्याला लिहायचं. तिथे फी लागत नाही आणि ऑनलाइन टाकता येतं हे एका ओळखीच्या सर्व्हेअरने सांगितलं, बँकेने नाही, कंपनीने नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार पाहिजे, त्यांनी नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तर लोकपाल, आणि तेही वर्षाच्या आत. विमा नियामक आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर पण नोंद करून ठेवा. पण लोकपाल विमावाल्यांविरुद्धच्याच तक्रारी ऐकतो, ठेकेदाराविरुद्धच्या नाही. त्याच्यासाठी मला ग्राहक आयोग वेगळा आणि पोलीस वेगळे.

कार पॉलिसी घेताना स्वतःचं नाव ठेकेदाराच्या बरोबरीने टाकायला लावा, प्रीमियमचा चेक थेट कंपनीच्या नावाने द्या, आणि प्लॉट नंबर-खसरा नंबर आपल्या नकाशाशी ताडून बघा.

प्रपोजल फॉर्मची कॉपी, ईमेल, पीडीएफ सगळं जोडून लोकपालाकडे अर्ज टाकला आहे. ठेकेदाराची नवीन साइट आमच्यापासून चार गल्ल्या सोडून सुरू झालीय. काल त्या घरमालकांना भेटून आलो, त्यांच्या मोबाइलवर पीडीएफ उघडायला लावली. पत्ता हिंगणा रोडचाच होता.