मुक्ताचं मत कुठे बदलावं: व्यासपीठावर की तयारीत?

वादविवादात भाग घेणारी मुलगी समोरचा भक्कम पुरावा पाहून मत बदलते, अशी किशोरकथा लिहायची असेल, तर हा बदल अंतिम फेरीत घडवता येतो किंवा स्पर्धेच्या आधी, तयारीत. मी दोन्ही लिहून पाहिलं. विषय एकच: ‘उड्डाणपुलांमुळे मुंबईची वाहतूककोंडी सुटेल’. पार्ल्याची मुक्ता अनुकूल बाजूने बोलणार. नव्वदच्या दशकातल्या 55 उड्डाणपुलांची योजना हा तिचा हुकमी मुद्दा.

अंतिम फेरीचा प्रसंग झटपट रंगतो. सभागृह, घंटा, परीक्षक सगळं आयतंच असतं. प्रतिस्पर्धी 2011 सालचा ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास मांडतो: अमेरिकेतल्या शहरांत महामार्ग जितक्या टक्क्यांनी वाढले, साधारण तितक्याच टक्क्यांनी त्यांवरची वाहतूकही वाढली, म्हणजे कोंडी होती तशीच राहिली. मुक्ता निरुत्तर होते.

पण एक गोष्ट मला खटकत राहिली. खंडनाला दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात ती पुरावा तपासणार कधी? मग ती पुराव्याला मानते की समोरच्याच्या वक्तृत्वाला, हे वाचणाऱ्या मुलाला कळतच नाही. भाषणाने दिपलेली मुलगी उद्या दुसऱ्या भाषणानेही दिपेल.

तयारीत मात्र तिला हुज्जत घालता येते. आपल्या बऱ्याच शालेय स्पर्धांत एकाच संघातली एक मुलगी अनुकूल बोलते, दुसरी प्रतिकूल. म्हणजे विरोधी पुरावा जोडीदारणीच्याच वहीत असतो. मुक्ता म्हणते, “अगं, जिथे गाड्या वाढणारच होत्या तिथेच सरकारने रस्ते बांधले असतील! रस्त्यामुळे गाड्या आल्या कशावरून?” शंका रास्त आहे, आणि अभ्यासकांनाही ती आली होती. म्हणून त्यांनी 1947 चा महामार्गांचा आराखडा आणि 1898 चे रेल्वेमार्ग आधाराला घेतले. कुठे जास्त महामार्ग झाले, यावर त्या जुन्या नकाशांचा प्रभाव होता. पण आजची गर्दी पाहून ते कुणी आखले नव्हते. तरी निष्कर्ष तोच आला. मुक्ता इथे गप्प होते, आणि ही शांतता तिने कमावलेली असते.

लगेच तिला पूर्ण पलटवू नये, असं मला वाटतं. तो अभ्यास अमेरिकेचा आहे, हा तिचा आक्षेप राहू द्यावा. शिवाय रस्ते निरुपयोगी आहेत, असं तो म्हणतच नाही; जास्त लोक जास्त फिरू लागतात, इतकंच. स्पर्धेत तिचं नाव अनुकूल बाजूलाच आहे. ‘कोंडी सुटेल’ हे वाक्य आता तिच्याच्याने म्हणवत नाही आणि विषय तर नेमका तोच आहे. ती बाईंकडे जाऊन काय म्हणते, यावर माझी सगळ्यात जास्त पानं खर्ची पडली.

शाळेच्या अंकात दोनच पानं मिळणार असतील तर अंतिम फेरी सोयीची, हे मान्य. जागा असेल तर मी जोडीदारणीची वही उघडेन.