पुतण्याचा फोटो, पुतण्याची ओळ, आणि माझे ४२,५०० रुपये

संक्रांतीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीमुळे आमच्या चाटी गल्लीतल्या दुकानात टॉवेल-चादरीला गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी पावणेसहाला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअॅप आलं. ‘अण्णा, हा माझा नवीन नंबर, सेव्ह करा.’ वरच्या गोलात माझ्या पुतण्याचा फोटो. तोच, लेकीला खांद्यावर घेतलेला, मागे सिद्धेश्वर तलाव. तो पुण्यात नोकरीला आहे.

पुढची चाल तुम्हाला माहीतच आहे. मित्राचा अपघात, दवाखान्यात डिपॉझिट, माझी आजची लिमिट संपली, उद्या सकाळी परत करतो. मी आधी १८,५०० पाठवले, मग २४,०००. तिसऱ्यांदा ३०,००० मागितले, तेव्हा बँकेनंच पेमेंट अडवलं. नाहीतर तेही गेले असते.

लोक म्हणतात, फोन करून विचारायचं की. अहो, केला होता! पहिल्या मेसेजनंतर लगेच त्याच नंबरवर केला, तो कट झाला. मी प्रोफाइल उघडून पाहिलं. About मध्ये लिहिलं होतं, ‘कामात असतो, कॉल नको, मेसेज करा.’ ही ओळ माझ्या पुतण्याची आहे, वर्षभर त्याच्या नंबरवर मी ती बघत आलो आहे. शेवटी हात जोडल्याची दोन चिन्हं, तीही तश्शी. मला वाटलं मीटिंगमध्ये असेल. चोराला फोन न उचलण्याचं कारण आमच्याच पोराच्या ओळीनं तयार करून दिलं होतं, आणि ती ओळ जगाला उघडी होती. याचा मला त्या पैशांपेक्षा जास्त राग येतो.

जुन्या नंबरवर फोन लावला असता तर अर्ध्या मिनिटात सगळं कळलं असतं. तो नंबर चालू होता! ‘नवीन नंबर’ या दोन शब्दांनी माझ्या डोक्यातून जुना नंबर पुसूनच टाकला. आणि माणूस व्हॉट्सअॅपमधूनच खरा नंबर बदलतो तेव्हा ग्रुपमध्ये नंबर बदलल्याची ओळ आपोआप येते. आमच्या घरच्या ग्रुपमध्ये तशी एकही ओळ आली नव्हती. मी तो ग्रुप त्याच संध्याकाळी दोनदा उघडला होता.

आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं होतं. अजून डोळ्यांपुढे आहे ते नाव. दवाखान्याची कॅशियर असेल, असं मीच स्वतःला सांगितलं. समोर दोन गिऱ्हाईक उभे, एक पाच डझन टॉवेलचा भाव करतोय, पोरगं गठ्ठे काढतंय. अशा वेळी माणूस किती बघणार? पण बघायला हवं होतं. दवाखान्याचं पेमेंट दवाखान्याच्या नावावर जातं.

नऊ वाजता दुकान बंद करून पुतण्याच्या घरी, त्याच्या बायकोला फोन केला की तुझ्या नवऱ्याचा मित्र कसा आहे. फोन त्यानंच उचलला. ‘अण्णा, कुठला मित्र?’

मग शोध लागला तो असा. आमच्या समाजाच्या एका मोठ्या ग्रुपची लिंक कुणीतरी कुठंही टाकलेली, कुणीही आत येत होतं. त्यात मीही आहे, पुतण्याही. वाढदिवसाला तो तिथंच लिहितो, ‘अण्णा, खूप शुभेच्छा.’ ग्रुपमधला कुणीही त्याच्या नंबरवर टिचकी मारून फोटो आणि About बघू शकत होता, कारण दोन्ही Everyone वर होते. आपण हात लावला नाही तर ते Everyone वरच असतात. नातं कळलं, फोटो मिळाला, ओळ मिळाली. आणखी काय लागतं?

आता नीट ऐका, कारण दुसऱ्या दिवशीही आमच्याकडून चूक झाली. पुतण्यानं Settings मध्ये Privacy उघडून Profile photo ला My contacts केलं आणि निवांत बसला. About ची ओळ वेगळी असते, तिथं वेगळं बदलावं लागतं. ती Everyone वरच राहिली, आणि मला फसवलं होतं ते त्या ओळीनंच.

दुसरं, My contacts म्हणजे तुमच्या फोनमध्ये सेव्ह असलेले नंबर. समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केला म्हणून त्याला काही दिसत नाही. तुम्ही त्याचा केला की दिसतं. हे लोक ‘सेव्ह करा’ म्हणतात तेव्हा हे लक्षात ठेवा. मी तो नंबर ‘नवीन’ म्हणून सेव्ह केला होता. माझा फोटो आधीच My contacts वर असता तरी सेव्ह केल्याक्षणी तो त्या चोराला उघडा झाला असता. अनोळखी नंबर खात्री होईपर्यंत सेव्ह करू नका. आणि ट्रान्सपोर्टवाले, गॅसवाले, एकदाच आलेले गिऱ्हाईक असे आम्हा व्यापाऱ्यांकडे शेकड्यानं नंबर सेव्ह असतात, ते सगळे contacts च. त्यांच्यासाठी My contacts except… मध्ये जाऊन एकेक वगळावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण मी रविवारी बसून केलं. सगळ्यांपासूनच लपवायचं तर Nobody आहे.

बदल लागला की नाही हे आपल्या फोनवर कळत नाही. ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही अशा माणसाला तुमचं प्रोफाइल उघडायला सांगा. माझ्या दुकानातल्या पोराच्या बहिणीनं बघितलं, तिला फोटोच्या जागी नुसती राखाडी आकृती दिसली आणि About गायब. मग मला पटलं. आधीच कुणी उचललेला फोटो मात्र यानं परत येत नाही, आणि ग्रुपमध्ये नंबरजवळ दिसणारं तुमचं नावही लपत नाही.

आता तक्रारीचं. रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लागता लागता पावणेदहा झाले. पहिलं पेमेंट सहाच्या सुमाराचं, म्हणजे जवळपास चार तास गेले होते. तक्रार नोंदवली, तेव्हा समोरच्या खात्यात फक्त ७,३०० रुपये अडकले, बाकीचे पुढे गेलेले. कळल्या मिनिटाला १९३० लावा, घरच्यांना नंतर सांगा. सकाळी बँकेत गेलो तर म्हणे, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरकडे म्हणाले, फोटो पुण्याच्या माणसाचा, त्यानं पुण्यात तक्रार द्यावी. पुण्यात त्याला सांगितलं, पैसे सोलापुरात गेले, सोलापुरात द्या. मी तिघांना एकाच दिवसात चार वेळा तीच गोष्ट सांगितली, दर वेळी पिनवर आलो की समोरचा मान हलवायचा. माझ्या वयाच्या माणसाला असं लहान पोरासारखं उभं करतात! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायची आहे. हे मला एका वकिलानं सांगितलं, ठाण्यातल्या कुणी नाही. कलमाचा कागद पुढे केला तेव्हा अर्ज घेतला. पोच मागून घेतली. तुम्हीही घ्या, तोंडी ‘बघतो’ वर उठू नका.

७,३०० अजून अडकलेलेच आहेत. सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं मला तेव्हा सांगितलं होतं. पुतण्यानं ती ओळ काढली आहे. About मध्ये आता काहीच नाही.