नवा आइस मेकर बसवला आणि दहा दिवसांत बर्फ पुन्हा बंद

आमच्या फ्रिजमधला बर्फ आधी लहान होत गेला. मग खडे पोकळ निघू लागले. दाताखाली धरला की पापुद्र्यासारखी भिंत फुटायची आणि आतून थंड पाणी यायचं. आठवड्याभरात बर्फ पडणंच थांबलं.

आलेल्या मेकॅनिकने पाचेक मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "आइस मेकर गेलाय, अख्खा बदलावा लागेल." त्याने फ्रिज बंद केला, दार उघडं ठेवून दोन तास काम केलं, नवा आइस मेकर बसवला आणि जुना सोबत घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी भरगच्च बर्फ आला, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. दहाव्या दिवशी पुन्हा तेच पोकळ खडे. फोन केला तर म्हणाला, "आता बोर्ड बदलावा लागेल." तिथे मला शंका आली.

दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्याने आइस मेकरला हातही लावला नाही. आधी त्याच्यात पाणी सोडणाऱ्या नळीत टॉर्च मारून मला दाखवलं: आत पांढरा बर्फ बुचासारखा बसला होता. मग फ्रिजचा प्लग काढला, मागच्या व्हॉल्व्हमधून आइस मेकरकडे जाणारा पाइप सोडवला आणि त्या तोंडाखाली वाटी धरली. वीज नसताना तो व्हॉल्व्ह घट्ट मिटलेला असायला हवा, तरीही थोड्या थोड्या वेळाने एकेक थेंब पडत होता.

हाच थेंब नळीत गोठतो. वाट अरुंद झाली की ठरलेल्या काही सेकंदांत साच्यात पुरेसं पाणी जात नाही. कमी पाणी बाहेरून लवकर गोठतं, साचा गार झाल्याचं समजून यंत्र ते ढकलून देतं आणि मधलं पाणी तसंच राहतं. म्हणून खडे पोकळ. नळी पूर्ण बुजली की बर्फ बंद. पहिल्या दुरुस्तीत बर्फ आला तो नव्या आइस मेकरमुळे नव्हे, तर दोन तास फ्रिज बंद राहिल्याने नळीतला बर्फ वितळला होता म्हणून. हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

व्हॉल्व्ह बदलण्याआधी त्याने येणारा पाइप बादलीत सोडून धार पाहिली. पाण्याचा दाब कमी असेल तर नवा व्हॉल्व्हही नीट मिटत नाही, तोही ठिबकतो. आमची धार जोरात होती. फिल्टरही त्याने तात्पुरता काढून पाहिला, फरक पडला नाही. मग फक्त व्हॉल्व्ह बदलला आणि नळी कोमट पाण्याने मोकळी केली.

बर्फ बंद पडला आणि कुणी थेट आइस मेकर बदला म्हणालं, तर आधी नळीत टॉर्च मारायला लावा आणि प्लग काढून ती वाटी धरायला सांगा. बदललेला जुना भाग घरातच ठेवून घ्या. आमचा तो नेल्यामुळे तो खरंच बिघडला होता का, हे आता तपासायचीही सोय उरलेली नाही.