थेट कॉल की रांग? ऑर्डरनंतरची तीन कामं

ऑर्डर आली की साठा कमी करायचा, ईमेल पाठवायचा, हिशेबात नोंद करायची. ऑर्डर सेवेने ही कामं करणाऱ्या तिन्ही सेवांना एकामागून एक थेट कॉल केले तर कोड वाचायला सोपा. पण ईमेल सर्व्हर ३० सेकंद अडकला की ग्राहकही तेवढाच ताटकळतो. साठा कमी झालेला, हिशेबाची नोंद मात्र राहिलेली.

रॅबिटएमक्यू या संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर सेवा `order.placed` हा एकच संदेश, जोडलेल्या प्रत्येक रांगेत त्याची प्रत टाकणाऱ्या फॅनआउट एक्स्चेंजला देते आणि मोकळी होते. तिघांची रांग वेगळी. ईमेल सेवा तासभर बंद राहिली तर फक्त तिच्या रांगेत संदेश साचतात, बाकी दोघांचं काम चालूच.

खरी मेख, काम झाल्यावर सेवा रॅबिटएमक्यूला देते त्या पोचपावतीत आहे. साठा सेवेने १० नगांतून २ वजा केले आणि पावती देण्याआधीच ती कोसळली, तर तोच संदेश पुन्हा येतो आणि ८ चे ६ होतात. म्हणून वजाबाकीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये `order_id` नोंदवायचा. तो आधीच असेल तर नुसती पावती द्यायची.

शेवटचा नग दोघांना विकला जाऊ नये, ही तपासणी मात्र मी थेट कॉलनेच करतो. तिथे ग्राहकाला उत्तर लगेच हवं असतं.