टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा खार: नऊ महिन्यांचा वापर आणि अनुभव

गाडी सकाळी सेल्फला जड जायला लागली, की आपण थेट बॅटरीवर येतो. मीही तेच केलं होतं. बॅटरी तीन वर्षं जुनी, किल्ली फिरवली की इंजिन दोन-तीनदा कण्हल्यासारखं फिरायचं आणि मग सुरू व्हायचं, डॅशबोर्डवरचे दिवे त्या क्षणी पिवळे पडायचे. नवीन बॅटरी घ्यायची असं जवळजवळ ठरलंच होतं. बोनेट उघडलं तेव्हा प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-निळा, फुगलेला खार दिसला आणि मायनसवर पांढरी भुकटी. ती बॅटरी अजूनही गाडीत आहे. साफसफाई, फेल्ट वॉशर, पेट्रोलियम जेली आणि प्लसला एक नवा क्लॅम्प एवढ्यावर मी नऊ महिने काढले. मधे माझ्याच हातून दोन चुका झाल्या, त्यांबद्दल लिहिणं मला यशापेक्षा जास्त गरजेचं वाटतं.

आधी हा खार कसला ते सांगतो. चार्जिंग होताना बॅटरीतून वायू निघतात आणि त्यांच्याबरोबर सल्फ्युरिक ॲसिडचे बारीक थेंबही वर येतात. पोल, म्हणजे बॅटरीचा शिशाचा खुंट, जिथे प्लास्टिकच्या झाकणातून बाहेर येतो, तिथलं सील थोडं सैल असेल तर ॲसिड तिथूनही हळूहळू वर सरकतं. शिशाशी ॲसिड भिडलं की पांढरट-राखाडी लेड सल्फेट तयार होतं. पोलवर आवळलेल्या क्लॅम्पमधलं किंवा केबलमधलं तांबं सापडलं की कॉपर सल्फेट, म्हणजे तो हिरवा-निळा रंग. या रंगातूनच कळतं की ॲसिड कुठपर्यंत पोचलंय. माझ्या प्लसच्या बाजूला ते तांब्यापर्यंत गेलं होतं.

पण खार बाहेरून दिसतो तेवढ्याने सेल्फ जड होत नाही. पोलचा बाहेरचा पृष्ठभाग आणि क्लॅम्पचा आतला पृष्ठभाग यांच्यामध्ये जो पातळ थर बसतो, तो खरा अडवतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. हेडलाइटला लागणारा प्रवाह तो थर सहज जाऊ देतो, म्हणून दिवे नीट लागतात आणि आपण गोंधळतो. सेल्फच्या प्रवाहापुढे मात्र तोच थर जड ठरतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर साधा मल्टिमीटर पुरे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक पोलच्या मधोमध, शिशाच्या उघड्या भागावर टेकवायचं आणि दुसरं त्याच बाजूच्या क्लॅम्पवर, खार नसलेल्या जागी. मग दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगायची. जोड चांगला असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहतो, ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर गेला तर तो जोड खराब. माझ्या प्लसवर १.६ व्होल्ट दिसले. मायनसवर ०.१. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती आणि सेल्फ मारताना पोलवर १०.६, म्हणजे बॅटरी मेलेली नव्हती. पण त्या १०.६ मधले १.६ प्लसच्या जोडातच जळत होते आणि सेल्फच्या केबलला जेमतेम ९ मिळत होते. व्होल्टेज कमी पडलं की सेल्फ हळू फिरतो. आणि हे १.६ व्होल्ट जातात कुठे, तर उष्णतेत. दहा सेकंद सेल्फ मारून लगेच हात लावला तर प्लसचा क्लॅम्प चांगला कोमट लागला, मायनसचा थंड होता. मीटर नसलेल्या माणसालाही हा फरक कळेल.

पहिली चूक इथेच झाली. कढत पाणी ओतलं, खार वाहून गेला, टर्मिनल वरून चकचकीत झालं आणि मी खूश झालो. दहा दिवसांनी सेल्फ पुन्हा तसाच. क्लॅम्प मी काढलाच नव्हता. आतला थर जिथल्या तिथे होता आणि वरून पाणी मारल्याने तो ओला राहिला तेवढंच.

दुसऱ्यांदा नीट केलं. इंजिन बंद, किल्ली बाहेर. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. १० नंबरच्या पान्याने आधी मायनस सोडला, मग प्लस. हा क्रम टाळू नये. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस तसाच ठेवून प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. क्लॅम्प घट्ट बसला होता. स्क्रूड्रायव्हरने उचकायची इच्छा होते, ती दाबा. पोल हलला की त्याचं सील सैल होतं आणि खाराला कायमची वाट मिळते. मी नट पूर्ण सैल करून क्लॅम्पच्या फटीत बोथट पातळ पट्टी घालून ती किंचित रुंद केली, मग तो डावी-उजवीकडे फिरवत वर आला.

कपभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा. सेलची झाकणं घट्ट आहेत ना ते पाहिलं, त्यांच्यावर ओला कपडा टाकला, कारण सोडा आत गेला तर तिथलं ॲसिड मारतो. जुन्या ब्रशने मिश्रण लावलं की फसफस सुरू होते. ही फसफस थांबेपर्यंत लावत राहायचं. ती थांबली म्हणजे ॲसिड संपलं. मग थोड्या साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसलं. ज्यांच्या गाडीत मायनसच्या क्लॅम्पवरच छोटा सेन्सर आणि वायरचा सॉकेट असतो, त्यांनी तिथे पाणी ओतू नये, मिश्रणात भिजवून पिळलेल्या कापडानेच पुसावं.

यानंतर तारेच्या ब्रशने पोल बाहेरून आणि क्लॅम्प आतून घासला. बाहेरून घासायला सोपं असतं, आतून कंटाळा येतो, पण सगळा फरक आतल्या बाजूत आहे. घासताना काळपट रंग जाऊन शिसं चांदीसारखं दिसू लागतं. तो रंग सगळीकडे आला की थांबायचं. भुकटी शिशाची असते, फुंकर मारू नये, ओल्या कापडाने टिपावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

फेल्ट वॉशर पोलच्या बुडाशी बसवले. त्यांना खार रोखणारा लेप लावलेला असतो. इथे एक बारीक गोष्ट आहे: वॉशर जाड असेल तर क्लॅम्प वरच राहतो आणि पूर्ण पोलवर बसत नाही. माझा पहिला वॉशर तसा निघाला, दाबल्यावरही क्लॅम्प वर राहत होता, म्हणून तो काढून पातळ घेतला. मग आधी प्लस, शेवटी मायनस. नट इतकाच घट्ट की हाताने क्लॅम्प फिरू नये. शिसं मऊ असतं, जास्त जोर दिला तर पोल दबतो आणि क्लॅम्प तडकू शकतो. पेट्रोलियम जेली सगळं घट्ट झाल्यावर वरून लावली, पातळ, पण नटापासून केबलच्या टोकापर्यंत सगळीकडे. जोडाच्या आत भरून लावण्यात मला अर्थ वाटत नाही. तिथे शिशाला शिसं टेकायला हवं.

मीटरवर आता प्लसला ०.०४ व्होल्ट. सेल्फ पहिल्या फिरकीत झपकन फिरला. घड्याळ आणि काचेचं ऑटो सेटिंग पुन्हा द्यावं लागलं, तेवढंच. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा.

दहाव्या आठवड्यात प्लसवर पुन्हा पांढरी पूड दिसली. थर पातळ होता, सेल्फही ठीक होता, पण मला ती खटकली. आतल्या जोडाला तिने हात लावला नव्हता, मीटरने ते सांगितलं. म्हणजे साफसफाई टिकली होती, पण ॲसिड कुठून तरी नवीन येत होतं. अशा वेळी नुसतं पुसून पुढे जाऊ नये. चार्जिंग पाहिलं: इंजिन चालू, १४.३ व्होल्ट. १४.८ च्या वर सतत राहिलं असतं तर आल्टरनेटरच्या रेग्युलेटरवर संशय घेतला असता, कारण जास्त चार्जिंगने ॲसिड जास्त उकळतं. तसं नव्हतं. मग काळं टोक मायनसच्या पोलवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लास्टिकच्या माथ्यावर फिरवलं. कोरड्या प्लास्टिकवर काही दिसायला नको, पण मीटर सव्वादोन व्होल्ट दाखवू लागला. माथ्यावर डोळ्यांना न दिसणारा ॲसिडचा ओलसर थर पसरला होता.

कारण माझ्याच हातात होतं. माझी बॅटरी झाकणं उघडणारी आहे आणि साफसफाईनंतर काळजीपोटी मी डिस्टिल्ड वॉटर तोंडापर्यंत भरलं होतं. चार्ज होताना आतलं पाणी वर चढतं, मग जागा नसली की झाकणाच्या भोकातून बाहेर येतं. पाणी भरायचं ते खुणेपर्यंतच, आणि शक्यतो पूर्ण चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेवढाच अपवाद, त्या झाकण्यापुरतं आधी भरावं. मी माथा सोड्याने पुसून काढला, पाणी टाकणं थांबवलं आणि काही आठवड्यांत पातळी आपोआप खुणेवर आली.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत खार परत आला नाही. जेली मात्र दोन-अडीच महिन्यांत धूळ धरून काळी होते आणि इंजिनच्या उष्णतेने थोडी ओघळते. मी दर तीन महिन्यांनी जुनी पुसून नवीन लावतो, पाच मिनिटं लागतात. टर्मिनलवर मारायचा रंगीत स्प्रेही एकदा मायनसवर वापरून पाहिला. तो जास्त टिकतो, पण क्लॅम्प पुन्हा काढताना खरवडावा लागतो, म्हणून घरच्या कामाला मला जेलीच बरी वाटते.

हा उपाय सगळीकडे चालणार नाही. स्वच्छ केल्यावर दोन-तीन आठवड्यांतच त्याच पोलच्या बुडाशी ओल येत असेल, पाण्याची पातळी बरोबर असेल आणि चार्जिंगही बरोबर असेल, तर सील गेलंय आणि बॅटरीच बदलावी लागते. केबलचं रबर टोकापाशी दाबून पाहावं. आत कुरकुर लागली किंवा फुगवटा दिसला तर तांबं आतून हिरवं होऊन खाल्लं गेलंय. रबर दोन बोटं मागे सोलून तार लाल दिसली नाही तर क्लॅम्प कितीही घासा, केबल बदलायलाच हवी. माझ्या प्लसच्या केबलचं टोक सेंटिमीटरभर हिरवं झालं होतं. तेवढं कापून नवा क्लॅम्प लावला, लांबी पुरली.

काल सकाळी थंड इंजिनवर पुन्हा मोजलं: प्लस ०.०५, मायनस ०.०३.