बटनहोल की रोप लॅडर? फिस्टुलात सुया कुठे घ्यायच्या

डायलिसिससाठी हातात फिस्टुला तयार झालाय, डॉक्टरांनी सुया टोचायला हरकत नाही म्हटलंय आणि आता सेंटरमध्ये विचारतायत की बटनहोल करायचं की रोप लॅडर, अशांसाठी लिहितोय. मी आधी बटनहोल घेतलं, नंतर बदललं.

बटनहोलमध्ये दरवेळी त्याच भोकातून, त्याच कोनात, तितकीच खोल सुई. सुरुवातीला शक्यतो एकाच माणसाने धारदार सुईने टोचायचं, साधारण 6 ते 10 वेळा, मग आत बोगदा तयार होतो आणि पुढे बोथट सुई अलगद सरकते. मला दुखणं बरंच कमी वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

पण ती खपली! दर डायलिसिसच्या आधी भोकावरची खपली भिजवून पूर्ण काढावी लागते, काढण्याआधी आणि काढल्यावरही जागा निर्जंतुक करायची, कारण तुकडा राहिला तर सुईबरोबर जंतू थेट रक्तात ढकलले जातात. खपली पूर्ण निघाली की नाही हे मला कधी खात्रीने कळलंच नाही, त्यात टेक्निशियन घाईत असला की पोटात गोळा. जागा लाल झाली, पू दिसला किंवा थंडी वाजून ताप आला तर तिथे सुई न घेता लगेच सांगायचं, स्टॅफ नावाच्या जंतूचं इन्फेक्शन रक्तात पसरलं तर हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतं. शिवाय नवीन माणसाने चुकून धारदार सुई घातली की बोगद्याला भलताच फाटा फुटतो आणि मग बोथट सुई अडते.

रोप लॅडरमध्ये जागा सरकवत जायचं. समजा वापरता येईल अशी शीर 12 सेंटीमीटर आहे, तर खालच्या अर्ध्यात रक्त ओढायची सुई आणि वरच्या अर्ध्यात परत सोडायची, दोन्ही दरवेळी साधारण सेंटीमीटरभर वर, टोकाला पोचलं की परत खालून. दुखतं जास्त, प्रत्येक वेळी नवी जागा ना. पण आधीच्या भोकांना भरायला वेळ मिळतो आणि हात साबणाने धुऊन जागा निर्जंतुक केली की झालं, खपली खरवडायची भानगड नाही.

अर्थात शीर आखूड किंवा वाकडी असेल, किंवा घरी स्वतःच सुई घेणार असाल तर बटनहोलचा विचार जरूर करा, तिथे माझं मत चालणार नाही. बाकीच्यांनी मला वाटतं लॅडरच घ्यावं. फक्त नावाला लॅडर आणि प्रत्यक्षात सोपं पडतं म्हणून त्याच दोन इंचांत टोचणं, असं होऊ देऊ नका, त्याने तिथली शीर फुगते आणि वरची कातडी पातळ, चकचकीत होते. मागची जागा कुठली हे टेक्निशियनला आठवेल असं धरून चालू नका, आपणच बोट ठेवून दाखवायची.